सालदाराशी स्पर्धा: सेल्समधून प्रॉडक्ट मार्केटिंगकडे जाताना

प्रश्न: "जळगाव जिल्ह्यात ठिबक कंपनीत सेल्स ऑफिसर आहे, सात वर्षं झाली. चोपडा-यावल-रावेर पट्टा माझ्याकडे. कंपनीत प्रॉडक्ट मार्केटिंगची जागा निघाली आहे. शेतकरी मला तोंडपाठ आहेत, पण पोझिशनिंग, लाँच हे शब्द निघाले की गप्प बसतो. माझ्याकडे जे आहे ते तिथं कसं वापरायचं? मुलाखतीत काय दाखवू?"

मीही याच पट्ट्यात नऊ वर्षं मोटरसायकल फिरवली आणि मग प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये गेलो. पहिल्याच लाँचमध्ये तोंडावर आपटलो. तीच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला हवं ते बहुतेक सगळं तिच्यात आहे.

कंपनीने ठिबकसाठी एक कंट्रोलर बनवला होता. मोटरच्या शेडमध्ये पेटी बसवायची, प्रत्येक प्लॉटच्या तोंडाशी हाताने फिरवायच्या कॉकऐवजी विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावायचा, आणि पेटी एकामागून एक प्लॉटला पाणी देत जाणार. त्यासोबत मोबाईल ॲप होतं. मुख्य कार्यालयातल्या मंडळींना ॲपचं भारी कौतुक. त्यामुळे पत्रकावर छापलं गेलं, 'तुमची शेती, तुमच्या मोबाईलवर'. मी नवा होतो, सेल्समधून आलेला म्हणून जरा दबूनही होतो. मला ते वाक्य खटकलं होतं, पण का खटकलं ते शब्दांत सांगता येईना. माझ्याकडे अनुभव होता, मांडणी नव्हती. तुमची आजची अडचण हीच असावी असं मला वाटतं.

जुलैत हॉटेलात डीलर मीट घेतली, जेवण झालं, भेटवस्तू वाटल्या. दिवाळीपर्यंत विक्री इतकी कमी, की गोडाऊनवाला मला पाहून हसायचा.

मग मी एक काम केलं, जे सेल्समध्ये असताना कधीच केलं नव्हतं. कोटेशन देऊन ऑर्डर न आलेल्या सतरा शेतकऱ्यांची यादी काढली आणि विकायचं काहीही न ठेवता त्यांच्याकडे गेलो. आमच्या नोंदीत त्यातल्या अकरा जणांपुढे कारण लिहिलं होतं 'रेट जास्त'. खोदून विचारल्यावर रेटचं कारण खरं निघालं ते चारच ठिकाणी. बाकीच्यांनी रेट म्हटलं, कारण सेल्सवाल्याला वाटेला लावायला तो सगळ्यात सोपा शब्द आहे. तुम्हीही तो शंभर वेळा ऐकला असेल आणि माझ्यासारखाच नोंदीत लिहून मोकळे झाला असाल.

अडावदच्या बाजूचे एक आबा होते. आठ एकर केळी, चार प्लॉट, घर गावात आणि मळा दीड-दोन किलोमीटर लांब. मी त्यांना 'हे घ्याल का' असं विचारलंच नाही. 'आबा, कालच्या रात्री पाणी कसं दिलं ते सांगा,' एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "मोबाईलवर मोटर चालू व्हस, ते माले म्हाईत शे. रातले लाईट येस, ऑटोवर मोटर आपोआप चालस. पन कॉक बदलाले कोन जाई?"

मी वहीत हे वाक्य लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. मोटर चालू करायचा प्रश्न शेतकऱ्याने कधीच सोडवला होता. ऑटो स्विच घरोघरी आहे, मोबाईल स्टार्टरही आहेत. आम्ही ॲप दाखवत होतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तोच स्टार्टर येत होता, आणि आमची पेटी त्याच्या कितीतरी पट महाग. मग रेट जास्त वाटणारच.

आबांची खरी रात्र अशी होती. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा ८ तास आणि बाकीचे दिवस रात्री १० तास. रात्रीच्या पाळीत दहाला लाईट आली की ऑटोवर मोटर चालू होते, पण पाणी जातं ते ज्याचा कॉक उघडा राहिलाय त्याच प्लॉटला. बाकीचे तीन कोरडे. म्हणून साडेबाराला, तीनला आणि साडेपाचला कोणीतरी मळ्यात जाऊन कॉक फिरवायचा. कोणीतरी म्हणजे सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. सालदार नसेल तर आबा स्वतः, कारण मुलगा सुरतला. एखाद्या रात्री जाणं झालं नाही, तर एका प्लॉटमध्ये दहा तास पाणी आणि तीन प्लॉटना शून्य. एप्रिल-मेच्या उन्हात मोठ्या केळीला दिवसाला वीस-पंचवीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. तिथं दोन पाळ्या हुकल्या की घडाचं वजन घटतं, आणि कापणीच्या वेळी व्यापारी रास, म्हणजे घडांचं सरासरी वजन, काढतो तेव्हा ते दिसतं.

इथं मला पोझिशनिंग या शब्दाचा अर्थ कळला. पाठ्यपुस्तकी व्याख्या बाजूला ठेवा. आपलं उत्पादन नसतं तर गिऱ्हाईक त्या जागी काय करत राहिला असता, ते आधी नेमकं ठरवायचं. आमची स्पर्धा दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरशी नव्हतीच, या पट्ट्यात तो कोणी घेतच नव्हतं. आमची स्पर्धा सालदाराशी होती. आणि सालदार नुसते कॉक फिरवत नाही. तो फवारणी करतो, बैल बघतो, राखण करतो. त्यामुळे 'सालदाराची गरज नाही' असं म्हणणं खोटं ठरलं असतं, आणि शेतकऱ्याने ते पहिल्या मिनिटाला ओळखलं असतं. आम्ही सालदाराच्या कामातलं एकच काम उचलू शकत होतो, रात्रीचं उठणं. आणि नेमकं त्यालाच नवा सालदार नको म्हणत होता. साल ठरवताना 'रात्रीचं पाणी देणार नाही' ही अट घालायला लागले होते लोक.

स्पर्धक बदलला की उत्पादनातलं काय महत्त्वाचं हेही बदलतं. आमच्या पेटीत एक सोय होती, जी मॅन्युअलच्या मागच्या पानांत कुठंतरी एका ओळीत पडली होती. पेटी घड्याळ बघत नव्हती, मोटर प्रत्यक्ष चाललेली मिनिटं मोजत होती. साधा टायमर लावला आणि मध्ये तासभर लाईट गेली, तर त्या तासातल्या प्लॉटची पाळी बुडते आणि टायमर पुढे सरकतो. आमची पेटी लाईट गेली की थांबायची आणि आली की तिथूनच पुढे मोजायची. इंजिनिअरांना ती किरकोळ गोष्ट वाटत होती, कारण त्यांच्या लॅबमध्ये लाईट जात नाही. रात्रीतून चार वेळा लाईट जाणाऱ्या फीडरवर मात्र सगळा माल त्या एका ओळीत होता. ही ओळ उचलून पहिल्या पानावर आणायला मार्केटिंगची पदवी लागत नाही. फीडर माहीत असावा लागतो, आणि तो तुम्हाला माहीत आहे.

वाक्य मग असं झालं: 'एका रात्रीच्या लाईटीत सगळ्या प्लॉटना पाणी. लाईट गेली तरी पाळी चुकत नाही.' ॲप तिसऱ्या ओळीत गेलं. मुख्य कार्यालयात त्यावरून बरीच आदळआपट झाली, ती सांगत बसत नाही.

हे वाक्य चांगलं आहे हे मी माझ्या मनाने ठरवलं नाही. दोन डीलरच्या काउंटरवर बसलो. येणाऱ्या दहा-दहा शेतकऱ्यांना एकाकडे जुनं वाक्य सांगितलं, दुसऱ्याकडे नवं. मग प्रत्येकाला म्हटलं, 'घरी गेल्यावर भावाला हे काय आहे म्हणून सांगाल?' जुनं वाक्य ऐकलेले बहुतेक जण म्हणाले, 'मोबाईलवर मोटर चालू करायचं मशीन.' नवं ऐकलेले म्हणाले, 'रात्री मळ्यात जायला नको.' आम्ही वाक्यात 'मळ्यात जाणं' हे शब्द वापरलेच नव्हते, ते त्यांनी स्वतः घातले. ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत नेमकी बाब माघारी सांगितली, की वाक्य बसलं. त्याने आपलेच शब्द पोपटासारखे म्हटले किंवा 'चांगलं आहे साहेब' म्हटलं, तर बसलेलं नाही.

आता सेल्समधून येणाऱ्याला इथं जी ठेच लागते तिच्याबद्दल. सेल्समध्ये आपण समोरचा माणूस बघून बोलणं बदलतो. मोठ्या बागायतदाराला ॲप दाखवतो, म्हाताऱ्याला त्रास वाचेल म्हणतो, हिशेबी माणसाला मजुरी काढून दाखवतो. हे कौशल्यच आहे, पण प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये ते उलटं पडतं. तिथं तुमचं वाक्य तुम्ही नाही, चाळीस डीलर आणि पंधरा सेल्सवाले बोलणार. म्हणून एक निवडायचं आणि बाकीची, खरी असली तरी, मागे ठेवायची. मला हे सोडणं फार जड गेलं. शेवटच्या भेटीतला शेतकरी डोक्यात सगळ्यात मोठा होऊन बसतो, आणि चाळीस एकरवाला गिऱ्हाईक तर कायमचा मुक्काम ठोकतो. दुसरं म्हणजे, सात वर्षांत तुमच्याकडून लोकांनी जे घेतलं त्यातलं बरंच तुमच्याकडे बघून घेतलं. ते तपासायचं असेल तर तुमचं सगळ्यात हमखास वाक्य नव्या पोराला द्या आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या गावात पाठवा.

निवडण्याचाच भाग म्हणजे कोणाला विकायचं नाही हे लिहिणं. आमच्या कागदावर ते असं होतं. तीन ते सहा प्लॉट, घर मळ्यापासून लांब, रात्रीची पाळी, आणि फिल्टर नीट चालू असलेला. एकच प्लॉट असेल तर पेटीचा उपयोग नाही. सालदार कुटुंबासह मळ्यातच राहत असेल तर घाई नाही, त्याच्याकडे वेळ घालवू नका. फिल्टर नसेल तर अजिबात देऊ नका. विहिरीच्या पाण्यातला बारीक खडा सोलेनॉइडच्या पडद्याखाली अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग एका वेळी दोन प्लॉटना पाणी जातं, दाब वाटला जातो आणि शेवटच्या नळ्यांना पाणी पोचत नाही. ओळखायचं कसं, तर ज्या प्लॉटची पाळी नाही त्याचे ड्रिपर पाळी चालू असताना ठिबकताना दिसतात. ही अट घातल्यावर सेल्सच्या पोरांनी माझ्या नावाने बोटं मोडली. पण पहिल्या वर्षीच्या तक्रारींची वही काढली तेव्हा त्यातल्या निम्म्याच्या वर अशाच मळ्यांच्या होत्या.

आता लाँच. या शब्दाने घाबरण्यासारखं काही नाही, डीलर मीट म्हणजे लाँच नव्हे एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. आमची पहिली चूक तारखेची होती. जुलैपर्यंत मृगबागेची लागवड होत आलेली असते, पैसा रोपं आणि खतात गेलेला असतो, आणि सालदार तर केव्हाच ठरलेला असतो. आपल्याकडे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतं. म्हणजे शेतकरी 'यंदा सालदार मिळेल का, किती मागेल, रात्रीचं करेल का' याचा विचार करतो तो आखाजीच्या आधीच्या महिन्या-दीड महिन्यात. स्पर्धक सालदार असेल, तर आमचं दुकान त्याच दिवसांत उघडं पाहिजे. ही तारीख कंपनीच्या कॅलेंडरवर नव्हती, तिथं 'पहिली तिमाही' लिहिलं होतं. खानदेशातल्या कुठल्याही सेल्सवाल्याला ती ठाऊक आहे, फक्त ती लाँचची तारीख असू शकते हे कुणाच्या डोक्यात आलेलं नसतं.

आखाजी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा मेमध्ये येते. तिथून उलटं मोजत आलो. मार्चच्या मध्यापर्यंत डीलरकडे माल आणि डेमोची पेटी, त्याआधी फिटरांचं शिक्षण, त्याआधी प्रत्यक्ष मळ्यांवर चाचणी. म्हणून जानेवारीत सहा मळे निवडले. मुद्दाम दोन असे, जिथं लाईट सगळ्यात वाईट.

तिसऱ्या आठवड्यात त्यातल्याच एका मळ्यावरून पहाटे फोन आला, मेन लाईनचा जोड निखळला म्हणून. जाऊन पाहिलं तर आमचीच चूक. शेतकऱ्याचा ऑटो स्विच तसाच ठेवला होता. लाईट आल्याबरोबर ऑटोने मोटर चालू केली, पण आमची पेटी जागी होऊन व्हॉल्व्ह उघडायला काही सेकंद घेत होती. तेवढ्या वेळात सगळे व्हॉल्व्ह बंद आणि मोटर जोरात, दाब जाणार कुठं? उपाय साधा होता. ऑटो स्विच काढायचा आणि स्टार्टर पेटीच्या ताब्यात द्यायचा. आधी व्हॉल्व्ह उघडणार, मग अर्ध्या मिनिटाने मोटर. प्लॉट बदलतानाही आधी पुढचा उघडणार, मग मागचा मिटणार.

पण उपाय साधा असला तरी शेतकरी ऑटो काढू देईना. 'तुमची पेटी बंद पडली तर माझी मोटर कोण चालू करेल?' प्रश्न रास्त होता. म्हणून फिटरला एक चेंजओव्हर स्विच द्यायचं ठरलं. एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला जुना ऑटो. पण जुन्या बाजूला टाकण्याआधी एका प्लॉटचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा, हे पेटीच्या झाकणावर मोठ्या मराठी अक्षरांत चिकटवलं. त्या स्विचचा खर्च मंजूर करून घ्यायला मला दोन आठवडे लागले, आणि माझ्या मते त्या लाँचमधलं माझं सगळ्यात उपयोगी काम तेच. लाँच म्हणजे वस्तू, तिची किंमत, ती बसवणारा, ती विकणारा आणि ती बिघडली तर फोन उचलणारा, हे सगळे एकाच दिवशी तयार असणं. त्यातला एक जरी मागे राहिला, तर शेतकऱ्यासाठी अख्खं उत्पादनच मागे राहतं.

डीलरला आम्ही पत्रकांचा गठ्ठा दिला नाही, एकच कागद दिला. वर तीन प्रश्न: प्लॉट किती, रात्री कॉक कोण बदलतं, फिल्टर कोणता. मध्ये ते दोन ओळींचं वाक्य. खाली हमखास येणाऱ्या चार शंका आणि त्यांची उत्तरं, तीही आपल्या चांगल्या सेल्सवाल्याच्या तोंडची, जशीच्या तशी. पहिली शंका अर्थात 'मोबाईल स्टार्टर आहे माझ्याकडे.' उत्तर: 'तो मोटर चालू करतो नाना, कॉक बदलत नाही.' हा कागद बनवायला तुमच्याइतका लायक माणूस मुख्य कार्यालयात शोधून सापडणार नाही.

मोजायचं काय, यावर वाद होतात. मीटला किती डीलर आले हा आकडा निरुपयोगी. डेमो पाहिलेल्या दर दहातल्या किती जणांनी घेतलं, आणि बसवल्यानंतर महिन्याभराने पेटी चालू आहे की जुन्या बाजूला स्विच टाकून ठेवलाय, हे दोनच मी बघायचो. दुसरा जास्त बोलका. गिऱ्हाईकाने पैसे दिले पण सवय बदलली नाही, तर तो शेजाऱ्याला घ्यायला सांगत नाही, आणि खानदेशात केळीवाला शेजाऱ्याच्या बांधावर बघूनच खरेदी करतो. त्या वर्षी गोडाऊन जूनच्या आधी रिकामं झालं.

तुमच्या मुलाखतीचं. 'मला ग्राहक माहीत आहेत' हे वाक्य म्हणू नका, सेल्समधून येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. त्याऐवजी पुढच्या तीन आठवड्यांत तुमच्याच एखाद्या उत्पादनावर दोन पानांचं काम करून न्या. गेल्या हंगामातली दहा मिळालेली आणि दहा गेलेली कोटेशनं घ्या, त्या लोकांना भेटा. प्रत्येकापुढे एवढंच लिहा: आधी काय करत होता, नेमकं काय घडलं म्हणून शोधायला निघाला, कशाशी तुलना केली, आणि घरात नको कोण म्हणालं. प्रश्न भूतकाळातले विचारा, 'घ्याल का' कधीच नाही, कारण आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. दुसऱ्या पानावर, यावरून आजच्या पत्रकातलं पहिलं वाक्य का बदलावं आणि कोणाला विकू नये. इंग्रजी बेताचं असलं तरी हा कागद बोलतो.

आणि तुम्हीही एक विचारून घ्या. या जागेवरच्या माणसाला उत्पादन बनत असताना बैठकीत बसवतात का, किंमत आणि तारीख ठरवताना त्याचं ऐकतात का? उत्तर गोलगोल आलं, तर ती जागा पत्रकं छापून घेण्याची आणि मीटचे बॅनर लावण्याची आहे. तसल्या जागेसाठी इन्सेंटिव्ह सोडू नका. खऱ्या जागेवरही पहिल्या वर्षी हातात येणारे पैसे कमी होऊ शकतात. सेल्समध्ये चांगल्या हंगामाला जो वरचा पैसा येतो तो इथं नसतो, म्हणून मूळ पगाराचं आधीच बोलून घ्या.

ता. क. ते वाक्य आता आम्ही वापरत नाही. सौर फीडरमुळे काही गावांत शेतीला दिवसा लाईट मिळू लागली, आणि तिथल्या डीलरने एक दिवस फोन करून सांगितलं, 'साहेब, रात्रीचं बोललं की लोक हसतात, आमच्याकडे लाईट दिवसा असते.' पुन्हा वही घेऊन गेलो. तिथं आता अडचण निराळी आहे. लाईट दिवसा असते तेव्हाच मजूर फवारणीला किंवा कापणीला लागलेला असतो, आणि दर दोन तासांनी त्याला हातातलं काम टाकून कॉककडे पळावं लागतं. पेटी तीच आहे. पहिलं वाक्य नव्याने लिहितो आहे, अजून बसलेलं नाही.